लाइटबिलावरचा पत्ता

आधी चूक सांगते, म्हणजे पुढचं सांगायला जड जाणार नाही. सौरपंपाचा तो खोटा मेसेज गावाच्या ग्रुपवर मीच, गावच्या सरपंचानंच, टाकला होता.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा. हरभऱ्याची पेरणी उरकत आली होती आणि रात्रीच्या लाइटवरून रोजची भांडणं सुरू होती. आमच्याकडे शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीत माणसं बॅटरी घेऊन विहिरीवर जातात, पायाखाली काय येईल याचा नेम नसतो. अशा दिवसांत कुणी सौरपंप म्हटलं की कान टवकारतातच. रात्री साडेनऊच्या सुमाराला स्वयंपाकघर आवरून फोन हातात घेतला, तर शेजारच्या गावच्या सरपंचताईंचा मेसेज आलेला. वर हिरव्या पट्टीत 'मा. सरपंच यांना नम्र विनंती' आणि खाली मजकूर: सर्व शेतकऱ्यांना शंभर टक्के अनुदानावर सौर कृषिपंप, विजेची जोडणी असली तरी चालेल, मुदत १० नोव्हेंबर, आपल्या गावातला एकही शेतकरी वंचित राहू नये. त्याखाली लिंक आणि एक पीडीएफ, शासन निर्णय. लिंकच्या चौकटीत राजमुद्रा दिसत होती.

'वंचित राहू नये' या तीन शब्दांनी माझा घात केला. सरपंचाला सगळ्यात मोठी भीती हीच असते, की योजना आली आणि आमच्या गावाला कळलीच नाही. मागे एकदा ठिबकच्या अर्जाची मुदत निघून गेली होती, तेव्हा ग्रामसभेत काय ऐकून घेतलं ते मलाच ठाऊक. मी पीडीएफ उघडलीसुद्धा नाही. दाबलं आणि ग्रुपवर पाठवून दिलं. मेसेजच्या डोक्यावर दोन बाणांची खूण होती, म्हणजे तो कितीतरी हातांतून फिरून आलेला होता. ती खूण मी रोज बघते. त्या रात्रीही बघितली.

सकाळी दळण टाकायला गेले तर तात्या गिरणीपाशी उभे. तात्या म्हणजे आमच्या भावकीतले, सत्तरीचे. म्हणाले, "सूनबाई, भरला बरं का फॉर्म. नातवानं रात्रीच भरला. अकराशे पन्नास रुपये नोंदणी फी घेतली, पण पावती काय आली न्हाई. तुम्ही टाकलं म्हणल्यावर म्हणलं असंल."

तुम्ही टाकलं म्हणल्यावर. तिथं पहिल्यांदा माझ्या पोटात गोळा आला. शंभर टक्के अनुदान, मग अकराशे पन्नास कशाचे? मी तात्यांना विचारलं, तर त्यांचं उत्तर तयार होतं. दोन लाखांचा पंप फुकट मिळत असेल तर हजार रुपयांवर कोण अडून बसतं? हिशेब त्यांच्या बाजूनं बरोबर होता. ज्यानं रक्कम ठरवली त्यानंही हाच हिशेब केला असणार. मागितली तर दुखू नये, आणि गेली तर पोलिसात जायला लाज वाटावी, इतकीच.

घरी येऊन मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला. त्याचा उपयोग थोडाच. तोवर तो तीन बचत गटांच्या ग्रुपवर गेला होता आणि आपले सरकार सेवा केंद्रावरचा पोरगा शंभर रुपयांत फॉर्म भरून देतो असं सांगत होता. तो लबाड नव्हता. त्यालाही खरंच वाटत होतं, कारण सरपंचांनी टाकलं होतं.

माझी पुतणी छत्रपती संभाजीनगरला कॉम्प्युटर शिकते. तिला फोन लावला. ती म्हणाली, "काकू, लिंक उघडू नका. बोटानं दाबून ठेवा, कॉपी करा आणि कुठंतरी नुसती चिकटवून मला वाचून दाखवा." मी नोंदींच्या पानावर चिकटवली. पूर्ण पत्ता इथं देत नाही, कुणीतरी दाबायचं. पण त्याची ठेवण अशी होती:

```
https://xxxx-yojana-gov.in/apply/solar
```

मी म्हटलं, "अगं, यात gov.in आहे की."

तिनं विचारलं, "त्याच्या आधी टिंब आहे का रेघ?"

रेघ होती. यात काय एवढं, असं मला वाटलं. मग तिनं जे समजावलं ते मी नंतर गावात दहा-वीस जणांना त्याच शब्दांत सांगितलं. वेबसाइटचा पत्ता आपल्या टपालाच्या पत्त्यासारखाच असतो, मुक्काम पोस्ट आधी, मग तालुका, शेवटी जिल्हा. मोठं ठिकाण उजवीकडे. `https://` सोडून द्यायचं, त्यानंतर जी पहिली तिरकी रेघ येते तिथं बोट ठेवायचं आणि तिथून डावीकडे वाचत जायचं. आधी `in`, मग टिंब, मग त्याच्या डावीकडे काय आहे ते. टिंब म्हणजे गावाची शीव. आडवी रेघ म्हणजे शीव नव्हे, ती नावातलंच एक अक्षर. एखाद्या वस्तीला कुणी 'मंत्रालय-वाडी' नाव दिलं म्हणून तिथं मंत्रालय येत नाही. या पत्त्यात `in` च्या आधी टिंब आहे, आणि त्याच्या डावीकडचं सगळं, `xxxx-yojana-gov`, हे एकच सलग नाव. असं नाव कुणीही दुकानातून वस्तू घ्यावी तसं वर्षाच्या भाड्यानं घेऊ शकतो. खरं `gov.in` मात्र कुणालाही विकत मिळत नाही. सरकारी खात्यानं लेखी मागणी केली तरच ते मिळतं.

फोनवर हे दिसणं अवघड असतं, हेही तिच्यामुळेच कळलं. लिंक उघडली की वरच्या पट्टीत पत्त्याचा तुकडाच दिसतो, उरलेला बाहेर जातो. पट्टीवर बोट टेकवल्याशिवाय पूर्ण पत्ता कळत नाही. तिथल्या कुलपाच्या चित्रावर माझा फार विश्वास होता. ती हसली. कुलूप एवढंच सांगतं की तुम्ही आणि ती साइट यांच्यामधलं बोलणं तिसऱ्याला ऐकू जात नाही. समोर बसलाय तो चोर की साव, हे कुलपाला ठाऊक नसतं. आणि ते कुलूप फुकटात मिळतं.

तरी मी हट्ट सोडला नाही. पीडीएफचं काय? त्यावर राजमुद्रा आहे, शासन निर्णय लिहिलंय, खाली सही आहे. तिला जीआर वाचायची सवय नाही, मला आहे. तेव्हा हे काम माझंच होतं.

पीडीएफ काढली आणि पंधराव्या वित्त आयोगाचा एक खरा जीआर दप्तरातून काढून शेजारी ठेवला. खऱ्या जीआरच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं. हा शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक अमुक असा आहे, हा आदेश डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित करून काढण्यात येत आहे. तो संकेतांक म्हणजे लांबलचक आकडा. इतकी वर्षं मी तो नुसता बघत आले. त्या दिवशी नीट बघितला तर लक्षात आलं, पहिले चार आकडे वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे, त्यापुढचे दोन तारखेचे. जीआरच्या माथ्यावरची तारीख आणि संकेतांकाची सुरुवात साधारण जुळायला पाहिजे. माझ्या दप्तरातल्या जीआरवर जुळत होती. मेसेजमधल्या पीडीएफवर माथ्याला याच वर्षाच्या ऑक्टोबरची तारीख होती, आणि खालच्या संकेतांकात चार वर्षांपूर्वीचा जून.

मग तो आकडा `gr.maharashtra.gov.in` वर टाकून शोधला. हा पत्ता मी हातानं टाइप केला, मेसेजमधली कुठलीच लिंक दाबली नाही. निर्णय निघाला, पण शाळांबाबतचा. कुणीतरी जुना खरा जीआर घेऊन मधला मजकूर बदलला होता आणि शेपूट तसंच ठेवलं होतं. हे कळल्यावर बाकीचंही डोळ्यांत खुपायला लागलं. माथ्यावर 'कृषी ऊर्जा विभाग' लिहिलं होतं. राज्यात ऊर्जेचा कारभार उद्योग, ऊर्जा, कामगार व खनिकर्म विभागाकडं, कृषी विभाग वेगळा. दोन्हींची गाठ मारून हा तिसराच विभाग जन्माला घातलेला. आणि प्रत कोणाला, त्या यादीत एकाही जिल्हाधिकाऱ्याचा उल्लेख नाही! शेतकऱ्यांच्या योजनेचा जीआर आणि जिल्हाधिकाऱ्यांना प्रत नाही, असं सहसा होतं का? हे मात्र पुतणीला कधी कळलं नसतं.

तोवर तिनंही तिकडं दोन गोष्टी बघून ठेवल्या होत्या. `.in` नं संपणाऱ्या नावांची नोंद `registry.in` वर बघता येते. नाव टाकलं की ते कधी घेतलं ती तारीख दिसते, 'Creation Date' अशा ओळीत. घेणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा झाकलेलं असतं, पण तारीख झाकलेली नसते. ही साइट अकरा दिवसांपूर्वी जन्मली होती. जीआर म्हणे ऑक्टोबरच्या सुरुवातीचा आणि त्यात याच साइटवर अर्ज करा असं लिहिलेलं. म्हणजे बारसं आधी आणि बाळंतपण नंतर.

दुसरं म्हणजे तिनं कॉलेजच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवर तो फॉर्म उघडून खोटीच माहिती भरली. तुम्ही हा उद्योग करू नका, तीही सरांना विचारूनच करत होती. आधारच्या रकान्यात बारा शून्यं टाकली. खरा आधार क्रमांक शून्यानं किंवा एकानं सुरूच होत नाही. गट नंबर टाकला नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव. साइट दोन क्षण फिरली आणि म्हणाली, अभिनंदन, आपण पात्र आहात. पुढं लगेच क्यूआर कोड आणि अकराशे पन्नास. तिनं तो स्कॅन करून पैसे न पाठवता नुसतं नाव बघितलं. यूपीआयमध्ये पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव येतं. तिथं कुठल्या खात्याचं किंवा कंपनीचं नव्हे, एका माणसाचं नाव होतं. तात्यांच्या नातवालाही ते दिसलं असणार. साहेबाचं असेल असं त्याला वाटलं.

दुपारी तात्या आणि नातू दोघांना घरी बोलावलं. सायबर फसवणूक कळवायच्या १९३० नंबरला फोन लावला, तिसऱ्यांदा लागला. त्यांनी विचारलं ते सगळं नातवाच्या फोनमध्ये होतं: किती वाजता, कुठल्या बँकेतून, किती रक्कम, आणि यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक. तक्रारीचा नंबर मिळाला. मग `cybercrime.gov.in` वर स्क्रीनशॉट जोडले. फोन केला तेव्हा पैसे जाऊन सोळा तास झाले होते. पहिल्या तासा-दोन तासांत कळवलं तर पुढच्या खात्यात रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त, असं पलीकडच्या बाईंनी सांगितलं. रात्री साडेनऊ ते दुपारी दीड. तो वेळ माझ्यामुळं गेला असं मी म्हणाले, तर तात्या म्हणाले, "गेले ते गेले, तुम्ही जेवलात का?" त्यानं जास्तच लागलं.

अकराशे पन्नासपेक्षा मला दुसऱ्या गोष्टीची काळजी होती. त्या फॉर्ममध्ये आधार नंबर, बँकेचं पासबुक आणि सातबारा असं सगळं दिलेलं. गावात बरेच जण अंगठ्यावर पैसे काढतात. म्हणून तात्यांच्या आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाकलं, `myaadhaar.uidai.gov.in` वरून. त्याचा त्रास असा की आता रेशन दुकानात अंगठा द्यायच्या आधी ते तात्पुरतं उघडावं लागतं. नातू ते करतो, पण कुरकुरत.

संध्याकाळी मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून मी सांगितलं. सौरपंपाचा मेसेज खोटा आहे, मी टाकला ती माझी चूक झाली, कुणी पैसे भरू नका. तिथंच थांबायला हवं होतं. पण नवीन शिकलेलं माणूस गप्प बसत नाही. पुढं ठणकावून सांगितलं, "ज्या साइटच्या पत्त्यात टिंब gov टिंब in नाही, ती सरकारी नाही. तिथं एक रुपया भरायचा नाही."

टाळ्या पडल्या नाहीत, पण माना हलल्या. घरी येऊन समाधानानं झोपले.

दुसऱ्या दिवशी आण्णा आले. वरच्या वस्तीवर त्यांचं तीन एकर, विहीर आहे, पण शेतीची लाइट नाही. कोटेशन भरून जोडणीची वाट बघत वर्षं गेली. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. म्हणाले, "ताई, मग मीबी फसलो का? मी सप्टेंबरात 'मागेल त्याला सौर कृषिपंप'चा फॉर्म भरला. आता पैसे भरा म्हणून मेसेज आलाय. मुदत थोडी ऱ्हायली. काल रात्री पोरानं पत्ता बघितला, त्यात gov कुठंच न्हाई." कागदावरचा पत्ता `mahadiscom.in` नं संपत होता.

मी काय केलं असेल? माझा कालचाच नियम त्यांना लावला. म्हणाले, आण्णा, थांबा, भरू नका. त्यांनी कागद परत पिशवीत घातले आणि निघून गेले. पाठमोरे आण्णा मला अजून दिसतात. खोट्या साइटवर माझ्यामुळं तात्यांचे अकराशे पन्नास गेले, आणि आता खऱ्या योजनेतून आण्णांचा पंप जाणार होता, तोही माझ्याच भोंग्यामुळं.

वाचवलं ते लाइटबिलानं. त्याच दुपारी घरचं बिल आलं, हे ते भरायला निघाले होते. सहज हातात घेतलं तर बिलावर छापलेलं, `www.mahadiscom.in`. कित्येक वर्षं दर महिन्याला हे बिल घरात येतंय, कधी कधी त्याच पत्त्यावर आमचा मुलगा बिल भरतो. महावितरण ही सरकारच्या मालकीची, पण कंपनी आहे. तिनं आपल्या नावानं पत्ता घेतलाय, त्यात gov नाही. पुतणीला विचारलं तर ती म्हणाली, अशी बरीच आहेत. केंद्राच्या कुसुम सौरपंप योजनेचे अर्ज राज्यात जी महाऊर्जा ही सरकारी संस्था घेत आली तिचा पत्ता तर `mahaurja.com` आहे, चक्क डॉट कॉम. आणि उलट, कुसुमच्या नावानं ज्या खोट्या साइट निघाल्या, ज्यांबद्दल दिल्लीच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानं वेळोवेळी सावध केलंय, त्यांतल्या काही `.org.in` आणि `.co.in` होत्या. दिसायला एकदम सभ्य.

म्हणजे माझा नियम एकाच बाजूनं खरा होता. पहिल्या तिरक्या रेघेच्या अगदी आधी टिंब gov टिंब in असेल तर साइट सरकारी. नसेल तर ती खोटीच, असं मात्र नाही. नसेल तर तपास इथून पुढं सुरू होतो, एवढंच. आणि तो तपास कसा करायचा हे मी भोंग्यावर सांगितलंच नव्हतं, कारण मला ते माहीत नव्हतं.

आण्णांच्या वस्तीवर गेले. त्यांच्या घरच्या बिलावर महावितरणचा टोल फ्री नंबर आहे, १८००-२३३-३४३५. मेसेजमधला नंबर नाही, बिलावरचा. तो लावला, आण्णांचा अर्ज क्रमांक सांगितला. मग मुलाच्या फोनवर `www.mahadiscom.in` एकेक अक्षर हातानं टाइप केलं आणि तिथूनच आतल्या दुव्यानं सौरपंपाच्या पानावर गेलो. अर्जाची सद्यस्थिती बघायच्या जागी नुसता क्रमांक टाकला. त्यावर आण्णांचं नाव आलं, गाव आलं, पंप तीन अश्वशक्तीचा असंही आलं. आम्ही यातलं काहीच टाकलं नव्हतं. हा फरक मला सगळ्यात मोठा वाटला. ती खोटी साइट बारा शून्यांनाही पात्र म्हणाली, कारण तिच्याकडं कुणाचीच माहिती नव्हती. या साइटला आण्णा आधीपासून ठाऊक होते.

योजनेच्या अटीही मग मनात लावून बघितल्या. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत पाच, त्यावर साडेसात. आण्णांची जमीन तीन एकर, म्हणजे पाचचा पंप बसला असता. त्यांनी तीनचाच मागितला, हिस्सा कमी भरावा लागतो म्हणून. शेतात आधी विजेचा पंप नसावा, पाण्याची सोय असावी. सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींना पाच. आधी अर्ज, मग कागदांची छाननी, मग हिश्शाची मागणी, आणि त्यानंतर ठेकेदार कंपनी शेतकऱ्यानं यादीतून स्वतः निवडायची. आता त्या खोट्या मेसेजकडं परत बघा. शंभर टक्के अनुदान, जोडणी असली तरी चालेल, छाननीच्या आधी पैसे. योजना माहीत असती तर पत्ता बघायची पाळीच आली नसती. माझ्याच ग्रामपंचायतीच्या फलकावर या योजनेचं पत्रक सहा महिने लागलेलं होतं. त्यावर ऊन येतं, अक्षरं उडालीत.

आण्णांना आपण चुकीचं बोललो हे सांगणं अवघड गेलं. ते काही बोलले नाहीत. त्यांचा मुलगा म्हणाला, "मग भरायचे का नाय, एकदाच काय ते सांगा." बरोबरच होतं त्याचं. मी म्हटलं, उद्या सकाळी आपण तिघं महावितरणच्या उपविभागात जाऊ, साहेबांना क्रमांक दाखवू, ते हो म्हणाले तर तिथंच बसून भरू. गेलो. साहेबांनी त्यांच्या कॉम्प्युटरवर बघितलं, हो म्हणाले. आण्णांनी वीस हजारांच्या घरातली रक्कम भरली. पावती लगेच आली, महावितरणच्या नावाची. तिचा प्रिंट काढेपर्यंत आण्णा काउंटरवरून हलले नाहीत.

भोंग्यावरून पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगताना आवाज पहिल्यासारखा चढत नव्हता. पत्ता मेसेजमधून उचलू नका, घरात आधीपासून जो कागद आहे त्यावरून घ्या, लाइटबिल, पासबुक, जुना जीआर, असं म्हणाले. आणि कळलं नाही तर ग्रामपंचायतीत या, पैसे भरायच्या आधी. 'आधी' हा शब्द दोनदा म्हणाले.

ज्या सरपंचताईंनी मला पाठवलं होतं त्यांनाही फोन केला. त्यांना एका कार्यकर्त्याकडून आलं होतं, त्याला तालुक्याच्या एका ग्रुपवरून. आम्ही दोघींनी माग काढायचा प्रयत्न केला, पाचव्या माणसापाशी धागा तुटला. पुतणीनं `sancharsaathi.gov.in` वरच्या चक्षूमध्ये त्या मेसेजची तक्रार नोंदवून ठेवली. आठ-दहा दिवसांनी ती साइट उघडेनाशी झाली. ती तक्रारीमुळं बंद झाली की त्यांचंच काम संपलं, कोण सांगणार.

तात्यांचे पैसे अजून आलेले नाहीत. तक्रारीचा नंबर त्यांनी देवघरात, पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेवलाय. मी दिसले की विचारत नाहीत, आणि ते विचारत नाहीत म्हणून मीच सांगते, अजून काही नाही तात्या.

परवा आण्णांचा फोन आला. ठेकेदार कंपनीचा माणूस वस्तीवर जागा बघायला आला होता, सोबत महावितरणचा वायरमन. आण्णांनी दोघांना विहिरीवर न्यायच्या आधी अंगणात बसवलं, चहा दिला आणि मुलाला म्हणाले, आतून लाइटबिल आण. वायरमन हसत होता म्हणे. तो पंधरा वर्षं त्याच वस्तीवर येतोय.